कातडीतले ठिपके

शाळेच्या किंवा हौशी नाटकाच्या पोस्टरवर चेहऱ्याला फ्रेकल्स लावलेले तुम्ही कधी पाहिले असतील, तर काहीतरी खटकतंय हे लगेच जाणवलं असेल. फ्रेकल्स म्हणजे गोऱ्या माणसांच्या नाकावर आणि गालांवर दिसणारे ते बारीक तपकिरी ठिपके. पोस्टरवर ते मोजून मापून पेरल्यासारखे असतात, सगळे साधारण एकाच आकाराचे, आणि मुख्य म्हणजे ते चेहऱ्याच्या वर तरंगतात. गाल वळतो, पण ठिपका वळत नाही. नाकाच्या शेंड्यावर उजेड चमकतो, पण त्या चमकेवरही ठिपका तसाच गडद उभा असतो. काढून टाकलेल्या फ्रेकल्सचं याच्या उलट होतं. ठिपके जातात आणि त्यांच्याबरोबर कातडीही जाते. उरतो तो मेणाचा गुळगुळीत पुतळा.

दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. ठिपका कातडीवर बसलेला आहे असं समजून काम केलं जातं. खरं तर तो कातडीत असतो. ही एक गोष्ट नीट कळली की फोटोवर ठिपके घालणं आणि उतरवणं यांतल्या बहुतेक पायऱ्या आपोआप सुचत जातात. म्हणून आधी कातडीकडे पाहू, मग कॉम्प्युटरकडे.

आपल्या कातडीचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे येतो. ते तयार करणाऱ्या पेशी कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी असतात. ज्यांना फ्रेकल्स येतात त्यांच्या कातडीत काही जागी या पेशी ऊन लागताच आजूबाजूच्यापेक्षा जास्त मेलॅनिन तयार करतात. पेशींची संख्या तिथे वाढलेली नसते, त्यांचं काम वाढलेलं असतं. म्हणूनच फ्रेकल उन्हाळ्यात गडद होतो आणि हिवाळ्यात फिकट पडतो. लाल केस आणि फ्रेकल्स बऱ्याचदा एकत्र दिसतात, कारण दोन्हींच्या मागे एमसी-१-आर या जनुकाचे विशिष्ट प्रकार असतात. बाळ जन्मतं तेव्हा हे ठिपके नसतात. ते दोन-तीन वर्षांच्या वयानंतर दिसू लागतात.

यातून तीन गोष्टी निघतात आणि तिन्ही आपल्या कामाच्या आहेत. पहिली म्हणजे फ्रेकल सपाट असतो. त्याला उंची नसते, त्यामुळे त्याला स्वतःची सावली नसते आणि चमकही नसते. बोट फिरवलं तर तो हाताला लागत नाही. उठून आलेला तीळ वेगळा, त्याच्या एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला सावली पडते. दुसरी म्हणजे फ्रेकल ऊन जिथे पडतं तिथे असतो. नाकाचा दांडा, गालांची वरची बाजू आणि कपाळ या त्याच्या मुख्य जागा. हनुवटीच्या खाली, नाकाच्या खालच्या सावलीत, कपाळावर केसांची झुलपं येतात तिथे तो विरळ होत जातो. तिसरी गोष्ट म्हणजे त्याच्या कडा धारदार नसतात. रंग मधे दाट आणि कडेला विरघळत जाणारा असतो, आणि आकार वाकडातिकडा असतो.

वांग ही आपल्याकडे जास्त परिचयाची गोष्ट. ती मोठ्या, एकसंध डागासारखी पसरते आणि तिचं वागणं फ्रेकल्ससारखं नसतं. पुढे जे सांगतो आहे ते सुट्या, बारीक ठिपक्यांबद्दल आहे, वांगेबद्दल नाही.

आता उजेडाचा भाग. माझ्या मते या विषयातली सगळ्यात उपयोगी माहिती इथेच आहे. मेलॅनिन सगळे रंग सारखे शोषत नाही. निळा प्रकाश ते भरपूर शोषतं, हिरवा त्याहून कमी आणि लाल सर्वांत कमी. कॅमेऱ्यातला रंगीत फोटो हा लाल, हिरवा आणि निळा अशा तीन करड्या चित्रांचा मिळून बनलेला असतो. त्या तिन्हींना चॅनल म्हणतात. फ्रेकल्स असलेल्या चेहऱ्याचा फोटो घेऊन हे चॅनल एकेक करून पाहा. निळ्यात चेहरा ठिपक्यांनी भरलेला दिसतो, हिरव्यात ते मध्यम दिसतात आणि लाल चॅनलमध्ये बहुतेक ठिपके जवळजवळ नाहीसे होतात. चेहरा तोच, क्षण तोच.

रोल-फिल्मच्या जमान्यातल्या छायाचित्रकारांना हे कॉम्प्युटरशिवायच माहीत होतं. सुरुवातीची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल प्रकाशाला आंधळी होती, त्यामुळे तिच्यावर फ्रेकल्स प्रत्यक्षापेक्षा काळे उमटत. पुढे सर्व रंगांना संवेदनशील असलेली पॅनक्रोमॅटिक फिल्म आली, आणि तिच्यावर भिंगापुढे लाल फिल्टर लावला की तेच ठिपके फिकट होत. १९३० च्या दशकात जॉर्ज हरेल यांनी जोन क्रॉफर्डची जी गाजलेली छायाचित्रं काढली, त्यांच्या छापलेल्या प्रतींत तिचा चेहरा संगमरवरासारखा दिसतो. रिटच न केलेल्या प्रती पाहिल्या की तिचा चेहरा फ्रेकल्सनी भरलेला होता हे कळतं. मधलं काम पेन्सिलीचं होतं. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. गडद फ्रेकल तिथे पारदर्शक ठिपका म्हणून दिसतो. रिटच करणारा माणूस निगेटिव्ह मागून उजेड पाडलेल्या तिरक्या चौकटीवर ठेवायचा आणि अगदी टोकदार पेन्सिलीने तो पारदर्शक ठिपका शिशाने भरत जायचा, आजूबाजूच्या करड्या छटेला तो मिळेपर्यंत. तिथून कमी प्रकाश गेला की छापात ती जागा उजळ येई. आपल्याकडच्या शहरांतल्या जुन्या फोटो स्टुडिओंतही याच पद्धतीने चेहरे रिटच होत असत. त्या कारागिरांचं मला मनापासून कौतुक वाटतं. ते ठिपका खरवडत नव्हते की झाकत नव्हते. त्या एका बिंदूची छटा ते शेजारच्या छटेला आणून भिडवत होते, आणि कातडीचा पोत त्यातून तसाच दिसत राहायचा. आज आपल्याला हेच करायचं आहे.

आधी ठिपके घालण्याचं काम घेऊ. ल्युसी मॉड मॉन्टगोमेरी यांच्या १९०८ सालच्या ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’ या कादंबरीची नायिका ॲन ही कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावर येणारी अकरा वर्षांची, लाल केसांची, फ्रेकल्सवाली मुलगी. समजा, या गोष्टीवर बालनाट्य बसवलं आहे आणि पोस्टरसाठी ॲनचं काम करणाऱ्या मुलीचा फोटो काढला आहे. मुलगी किंचित डावीकडे वळून पाहते आहे, खिडकीचा उजेड एका बाजूने येतो आहे. तिच्या चेहऱ्यावर एकही फ्रेकल नाही.

पहिला प्रश्न मापाचा. ठिपका केवढा काढायचा? इथे डोळ्याचा उपयोग होतो. बुबुळाच्या रंगीत वर्तुळाची रुंदी माणसागणिक फारच थोडी बदलते, ती साधारण पावणेबारा मिलिमीटर असते आणि लहानपणीच मोठ्या माणसाइतकी झालेली असते. फोटोत कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्याचं बुबुळ मोजलं आणि ते १६५ पिक्सेल भरलं, तर एका मिलिमीटरला सुमारे १४ पिक्सेल पडतात. बहुतेक फ्रेकल्स एक ते दोन मिलिमीटरचे असतात, म्हणजे १४ ते २८ पिक्सेल. काही त्याहून लहान, अगदी आठ-दहा पिक्सेलचे. आणि मोजके तीन मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे चाळीसच्या थोडे वर. हा हिशेब केला नाही तर हात नेहमी मोठे ठिपके काढतो, कारण काम करताना आपण फोटो खूप मोठा करून पाहत असतो.

दुसरा प्रश्न रंगाचा, आणि इथे बहुतेकांचं चुकतं. तपकिरी रंग निवडून ब्रश फिरवला की ठिपका रंगवल्यासारखा दिसतो. फ्रेकल हा वर लावलेला रंग नाही, खालून परत येणाऱ्या उजेडात झालेली घट आहे. म्हणून नव्या लेयरचा प्रकार फोटोशॉपमध्ये Multiply ठेवायचा. यात वरचा रंग खालच्या रंगाला प्रत्येक चॅनलमध्ये वेगवेगळा गुणतो. किती गुणायचं ते खऱ्या फ्रेकलवरून काढता येतं. खरे फ्रेकल्स असलेल्या एखाद्या फोटोत साध्या कातडीचे आकडे लाल २१०, हिरवा १६०, निळा १३५ असे आले आणि शेजारच्या ठिपक्याचे १८५, ११५, ८१ असे आले, असं धरू. भागाकार केला की कळतं, लाल ८८ टक्के उरला, हिरवा ७२ टक्के आणि निळा ६० टक्के. पूर्ण पांढऱ्याचे २५५ धरून हेच प्रमाण लावलं तर ब्रशचा रंग येतो २२४, १८४, १५३. पडद्यावर हा रंग तपकिरी दिसतच नाही, तो पिकलेल्या पीचसारखा फिकट असतो. पण तोच रंग Multiply मध्ये कातडीवर टेकवला की बरोबर फ्रेकलचा तपकिरी उमटतो. आणि सावलीतल्या गालावर टेकवला की तिथल्या कमी उजेडाच्या हिशेबाने तो आपोआप आणखी गडद होतो. तपकिरी रंग थेट लावला असता तर सावलीतही तो तेवढाच उजळ राहिला असता. रिटचिंगमध्ये फसलेले ठिपके ओळखायची ही एक पक्की खूण आहे.

मग ठिपके ठेवायचे. सगळ्यांत अवघड भाग हाच, कारण माणसाच्या हाताला सारखं अंतर ठेवायची सवय असते. आपण एक ठिपका ठेवला की पुढचा नकळत मोकळ्या जागी ठेवतो, आणि थोड्या वेळाने चेहरा ठिपक्यांच्या रांगोळीसारखा दिसू लागतो. खऱ्या फ्रेकल्समध्ये दोन ठिपके एकमेकांत मिसळलेले असतात, तिसरा अगदी चिकटून असतो, आणि शेजारीच बोटभर जागा रिकामी असते. म्हणून मी दोन फेऱ्या करायला सुचवेन. पहिल्या फेरीत फक्त बारीक, फार फिके ठिपके, भरपूर, नाकाच्या दांड्यापासून दोन्ही गालांच्या वरच्या भागापर्यंत, बाहेरच्या बाजूला विरत जाणारे. हे दुरून दिसायलाही नकोत. त्यांच्यामुळे कातडीला किंचित ऊन लागल्यासारखा रंग यायला हवा, एवढंच. दुसऱ्या फेरीत मोठे आणि गडद ठिपके, थोडेच, आणि तेही काही ठिकाणी पहिल्या ठिपक्यांवर चढलेले. ब्रशच्या कडा मऊ ठेवायच्या, आणि आकार, कोन व गडदपणा प्रत्येक टेकवणीला आपोआप बदलेल अशी सोय ब्रशमध्ये असते, ती चालू ठेवायची. डावा गाल रंगवून तोच उलटा करून उजवीकडे चिकटवण्याचा मोह होतो. तो टाळा. आरशातलं प्रतिबिंब डोळा फार लवकर पकडतो.

आता चेहऱ्याचा वळसा. आपली मुलगी तिरकी बसली आहे, त्यामुळे तिचा दूरचा गाल आपल्यापासून लांब वळत जातो. पृष्ठभाग आपल्यापासून जितका कलतो तितका त्यावरचा गोल ठिपका त्या दिशेने दबलेला दिसतो. साठ अंशांनी कलला तर त्याची रुंदी बरोबर निम्मी दिसते. आणि नुसता ठिपकाच नव्हे, दोन ठिपक्यांमधलं अंतरही निम्मं होतं. हे दुसरं लोक विसरतात. म्हणजे गालाच्या कडेकडे जाताना ठिपके अरुंदही व्हायला हवेत आणि दाटही, प्रत्यक्षात त्यांची संख्या कमी होत असली तरी. यासाठी ब्रशची गोलाई १०० वरून ५० टक्क्यांपर्यंत उतरवायची आणि त्याचा कोन गालाच्या कडेला समांतर फिरवायचा. नाकाच्या दूरच्या उतारावरही तसंच. भाग मोठा असेल तर ठिपके आधी सपाट काढून Warp ने गालावर ताणून बसवणं सोपं जातं. जाळीच्या आडव्या रेषा गालाच्या हाडाबरोबर वळतील अशा ओढायच्या. गालाच्या फुगवट्यावर जाळी मोकळी राहते, कडेला आवळली जाते.

मुलगी हसत असेल तर आणखी एक गोष्ट पाहायची. नाकापासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी पडते तिथे कातडी आत वळते. खरा ठिपका त्या घडीत अर्धा लपतो. घडीच्या वरून सरळ गेलेला एक ठिपका असला तरी सगळं खोटं पडतं, म्हणून तिथले ठिपके घडीच्या कडेला थांबवा.

नंतर चमक. कातडीवरची चमक ही तिच्या वरच्या तेलकट पृष्ठभागावरून परत येणाऱ्या उजेडाची असते. हा उजेड मेलॅनिनपर्यंत पोचलेलाच नसतो, त्यामुळे त्यात ठिपक्याचा रंग नसतो. म्हणजे नाकाच्या शेंड्यावरच्या पांढऱ्या चमकेत फ्रेकल पुसट व्हायलाच हवा. लेयरच्या Blend If मध्ये Underlying Layer ची उजवी पट्टी असते. ती Alt दाबून दोन भागांत फोडली आणि अर्धा भाग डावीकडे सरकवला की खाली जिथे फोटो फार उजळ आहे तिथे ठिपके हळूहळू विरतात. एवढ्या एका हालचालीने ठिपके तेलाखाली, म्हणजे कातडीत, जातात. हा बदल पडद्यावर घडताना पाहणं मला आजही आवडतं, कारण त्या क्षणापर्यंत रंगवलेला वाटणारा चेहरा एकदम खरा होतो.

शेवटी फोकस. डोळ्यांवर फोकस असेल तर कानाजवळचा गाल किंचित धूसर असतो. तिथले ठिपकेही तेवढेच धूसर करायचे, आणि फोटोत दाणे दिसत असतील तर ठिपक्यांच्या लेयरलाही तेवढेच दाणे द्यायचे.

आता उतरवण्याचं काम. यासाठी कारण सौंदर्याचंच असायला हवं असं नाही. समजा, एका मासिकाला एकाच स्त्रीचे दोन फोटो शेजारी छापायचे आहेत, एक मे महिन्यातला आणि एक जानेवारीतला, आणि ते एकाच दिवशी काढलेले वाटायला हवेत. मे महिन्यातले फ्रेकल्स जवळजवळ दुप्पट गडद आहेत. त्यांना नाहीसं करायचं नाही, निम्म्यावर आणायचं आहे.

इथे पहिली चूक म्हणजे चेहरा धूसर करणे. धूसर केल्याने ठिपके पसरतात, जात नाहीत. आणि रंध्रं, बारीक केस, सुरकुत्या मात्र जातात. दुसरी चूक म्हणजे शेजारचा तुकडा उचलून ठिपक्यावर चिकटवणे. पाच-सात ठिपके असतील तर ते चालतं. शेकडो असतील तर तेच तुकडे पुन्हापुन्हा दिसू लागतात आणि रंध्रांचा प्रवाह तुटतो. गालावर रंध्रं आणि बारीक लव विशिष्ट दिशेने जातात, त्या दिशेच्या आड एक तुकडा आला की डोळा तिथेच अडखळतो.

म्हणून पेन्सिलवाल्याचा मार्ग धरायचा. ठिपका तिथेच ठेवायचा, फक्त त्याची छटा बदलायची. त्यासाठी ठिपक्यांचा एक नेमका मुखवटा, म्हणजे मास्क हवा, आणि तो तयार करायला निळं चॅनल उत्तम, कारण फ्रेकल्स तिथेच सर्वांत ठळक दिसतात. निळ्या चॅनलची प्रत काढायची. तिच्यावर High Pass फिल्टर लावायचा. हा फिल्टर चेहऱ्यावरच्या मोठ्या छाया काढून टाकतो आणि बारीक फरक ठेवतो. आपले ठिपके २८ पिक्सेलपर्यंतचे असतील तर त्याची त्रिज्या १५ ते २० च्या दरम्यान ठेवा. फार कमी ठेवली तर फक्त रंध्रं पकडली जातात, फार जास्त ठेवली तर गालाची सावलीही. मग Calculations मध्ये हे चॅनल स्वतःशीच Hard Light पद्धतीने दोन-तीनदा मिसळायचं. प्रत्येक वेळी ठिपके अधिक काळे आणि बाकी चेहरा अधिक पांढरा होत जातो. डोळे, भुवया, नाकपुड्या, ओठ आणि केस पांढऱ्या ब्रशने रंगवून मास्कमधून बाहेर काढायचे. उठून आलेले तीळही बाहेर काढायचे, कारण त्यांची ओळख त्यांच्या सावलीत असते आणि त्यांना उजळलं की ते फोडासारखे दिसतात. आता चॅनलवर Ctrl धरून क्लिक केलं की उजळ भाग निवडला जातो. Ctrl+Shift+I ने निवड उलटी केली की हातात फक्त ठिपके उरतात. आता Curves उघडायचं. ही निवड आपोआप त्याचा मास्क बनते.

Curves मधे सगळे चॅनल एकत्र उचलले तर ठिपके उजळतात, पण नारिंगी होतात. कारण आपल्याला आधीच माहीत आहे. मेलॅनिनने निळा जास्त खाल्ला होता, म्हणून निळाच जास्त परत द्यावा लागतो. मघाचे आकडे घेऊ. ठिपका १८५, ११५, ८१ आणि शेजारची कातडी २१०, १६०, १३५. निम्म्यावर आणायचं म्हणजे मधली संख्या गाठायची. लाल १८५ वरून १९८, हिरवा ११५ वरून १३८, निळा ८१ वरून १०८. लालला फक्त तेरा दिले, निळ्याला सत्तावीस. ठिपका आपल्या जागी आहे, त्यातून जाणारं रंध्र तसंच आहे, पोत तसाच आहे. फक्त मे महिन्याचं ऊन उतरलं.

मास्क बरोबर बसला की नाही हे ठिपक्याच्या कडेवरून कळतं. ठिपक्याभोवती फिकट कडं दिसलं तर मास्क ठिपक्यापेक्षा मोठा आहे. गडद कडं उरलं तर तो लहान आहे. मास्कला एक-दोन पिक्सेलची मऊ कड दिली की बहुतेक वेळा दोन्ही जातात, उरलेल्या दहा-बारा ठिपक्यांना हातानेच पाहावं लागतं. मास्कमध्ये गालावरची लव पकडली गेली असेल तर तिचे केस करडे पडतात, तेवढा भाग मास्कमधून पुसायचा.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. निळं चॅनल हे बहुधा तिन्हींत सर्वांत दाणेदार असतं, आणि आपण तेच सर्वांत जास्त उचलतो आहोत, त्यामुळे कमी उजेडात काढलेल्या फोटोत ठिपक्यांच्या जागी रंगीत दाणे दिसू लागतात. मोबाइलवरून आलेली जेपेग फाइल आणखी अवघड, कारण तिच्यात रंगांची माहिती बहुधा कमी रिझोल्युशनमध्ये साठवलेली असते आणि ठिपक्याच्या कडेला रंग सांडलेला असतो. शक्य असेल तेव्हा कॅमेऱ्याची रॉ फाइल मागून घ्यावी. चेहऱ्यावर जाड फाउंडेशन असेल तर फोटोतले आकडे कातडीचे नसतात, मेकअपचे असतात, आणि मघाचं प्रमाण तिथे लागू पडत नाही. पासपोर्टसारख्या ओळखीच्या फोटोला आणि त्वचारोगतज्ज्ञासाठी काढलेल्या फोटोला तर अशा कामासाठी हातच लावू नये. तिथे तो ठिपका हीच माहिती असते. आणि माणूस जिवंत, भेटण्यासारखं असेल तर किती उतरवायचं हे त्यालाच विचारावं. पुष्कळांना आपले फ्रेकल्स फोटोत हवेच असतात.

काम संपलं असं वाटलं की एक परीक्षा घ्यावी. तयार फोटोचे तिन्ही चॅनल एकेक करून पाहावेत. खरा फ्रेकल निळ्यात ठळक आणि लालमध्ये जवळजवळ अदृश्य असतो. ॲनच्या गालावर घातलेले ठिपके लाल चॅनलमध्येही तितकेच काळे दिसले तर ब्रशचा रंग चुकला आहे, कातडीत नसलेलं काहीतरी आपण वर लावलं आहे. उतरवलेल्या ठिपक्यांच्या जागी लाल चॅनलमध्ये उजळ चट्टे दिसले, तर आपण लाल रंग गरजेपेक्षा जास्त परत दिला आहे. तिन्ही चॅनल पटले की फोटो छोटा करून, पोस्टरचा असेल तर हाताच्या अंतरावरून, मासिकाचा असेल तर पानाच्या मापात पाहावा. त्या अंतरावरून ठिपके आधी दिसत असतील आणि चेहरा नंतर, तर दुसऱ्या फेरीतले मोठे ठिपके जास्त झाले आहेत. त्यांतले निम्मे लगेच काढून टाकावेत.